जमीन की पाणी? : साधा सहसंबंध गुणांक आणि क्रमांक सहसंबंध

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

- एखादे टोकाचे मूल्य साध्या सहसंबंध गुणांकावर कसा परिणाम करते, हे आकडेमोड करून दाखवता येईल.
- क्रमदर्शक सामग्रीसाठी क्रमांक सहसंबंध काढता येईल. समान क्रमांक आल्यास ते योग्य रीतीने हाताळता येतील.
- दोन गुणांकांची उत्तरे वेगळी आल्यास त्यामागील कारण शोधता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्ल पिअर्सन यांचा सहसंबंध गुणांक अभ्यासला. दोन चलांमधील संबंध एका संख्येत सांगणारा हा गुणांक −१ ते +१ या मर्यादेत असतो, हे आपण पाहिले. उदाहरणे सोडवताना आपल्याला सामग्री तयार मिळाली होती आणि तिच्यातील संख्याही साधारण एकमेकींच्या जवळपासच्या होत्या. प्रकल्पकार्यासाठी आपण स्वतः गावात जाऊन माहिती गोळा करू लागतो, तेव्हा मात्र सामग्री अशी समंजस नसते. पाच-सात एकरवाल्यांच्या रांगेत एखादा चाळीस एकरवाला येतो. काही प्रश्नांची उत्तरे तर संख्येत मिळतच नाहीत. ‘विहिरीला पाणी कधीपर्यंत असते?’ या प्रश्नाला शेतकरी ‘दिवाळीपर्यंत’ किंवा ‘होळीपर्यंत’ असे उत्तर देतो. अशा वेळी साधा गुणांक काढावा का, आणि काढल्यास त्यावर कितपत विसंबावे, हा या घटकाचा विषय आहे.

उदाहरणासाठी आपण माण तालुक्याकडे वळू. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. ज्वारी-बाजरीची जिरायत शेती, मेंढपाळी आणि जेथे पाणी आहे तेथे डाळिंबाची बाग, असे या भागाचे अर्थजीवन आहे. येथे कुटुंबाचे उत्पन्न कशावर ठरते, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी घेतला, तर त्याच्यासमोर दोन उत्तरे सहज येतील : जमीन किती आहे यावर, किंवा पाणी किती टिकते यावर. कोणते उत्तर आपण स्वीकारतो, हे गुणांकाच्या निवडीवर किती अवलंबून असते, ते आता पाहू.

विषय-विवेचन

१. उदाहरणातील सामग्री

पुढील तक्त्यात एका गावातील आठ कुटुंबांची माहिती दिली आहे. ही माहिती स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली आहे. कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीतील नाही. उत्पन्न हजार रुपयांत, वार्षिक आहे.

| कुटुंब | जमीन (एकर) | विहिरीला पाणी | उत्पन्न |
|---|---|---|---|
| क | २ | दिवाळीपर्यंत | ९० |
| ख | ३ | होळीपर्यंत | १४० |
| ग | ४ | पावसाळ्यापुरते | ६० |
| घ | ५ | दिवाळीपर्यंत | ११० |
| च | ६ | पावसाळ्यापुरते | ८० |
| छ | ७ | होळीपर्यंत | १२० |
| ज | ८ | होळीपर्यंत | १०० |
| झ | ४० | बारमाही | ६०० |

तक्ता नीट पाहा. पहिल्या सात कुटुंबांकडे दोन ते आठ एकर जमीन आहे आणि त्यांचे उत्पन्न साठ हजार ते एक लाख चाळीस हजार या दरम्यान आहे. आठवे कुटुंब या सर्वांपासून फार दूर आहे. उरलेल्या सामग्रीच्या मानाने अशा दूर पडलेल्या मूल्याला ‘टोकाचे मूल्य’ म्हणतात.

टोकाचे मूल्य दिसले की पहिले काम गुणांक काढण्याचे नसते. ते मूल्य खरे आहे का, हे तपासण्याचे असते. आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत ही तपासणी विशेष आवश्यक ठरते. शेतकरी एकर आणि गुंठे यांत बोलतो, तर सात-बारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्यामुळे ‘चाळीस’ हे उत्तर गुंठ्यांतले असून एकराच्या रकान्यात लिहिले गेले असेल, तर एक एकरवाला शेतकरी आपल्या तक्त्यात चाळीस एकरांचा धनी होतो. अशी चूक आढळली तर ती दुरुस्त करावी. मग प्रश्न तेथेच मिटतो. आपल्या उदाहरणात मात्र आपण असे धरू की, उतारा तपासला आणि जमीन खरोखरच चाळीस एकर निघाली. महाराष्ट्राच्या १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यानुसार कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, म्हणजे एवढी जमीन असणे अशक्य नाही. आता हे मूल्य चुकीचे म्हणून काढून टाकता येत नाही. ते गावाचाच एक भाग आहे.

२. साधा गुणांक काय सांगतो?

पिअर्सन यांच्या गुणांकाचे सूत्र आपणांस ठाऊक आहे :

r = Σ(x − x̄)(y − ȳ) / √[Σ(x − x̄)² · Σ(y − ȳ)²]

येथे x म्हणजे जमीन आणि y म्हणजे उत्पन्न. जमिनीची सरासरी ७५ ÷ ८ = ९.३७५ एकर येते आणि उत्पन्नाची सरासरी १३०० ÷ ८ = १६२.५ हजार रुपये येते. या दोन सरासऱ्यांपाशी क्षणभर थांबा. आठपैकी सात कुटुंबांची जमीन सरासरीहून कमी आहे आणि त्याच सात कुटुंबांचे उत्पन्नही सरासरीहून कमी आहे. म्हणजे एकट्या ‘झ’ने दोन्ही सरासऱ्या आपल्याकडे ओढून घेतल्या आहेत. साधा गुणांक या सरासऱ्यांपासूनची विचलने मोजतो, म्हणून हा ओढा पुढे गुणांकातही उतरतो.

विचलने काढून आकडेमोड केल्यास पुढील बेरजा मिळतात :

Σ(x − x̄)(y − ȳ) = १५३२२.५
Σ(x − x̄)² = १०९९.८७५
Σ(y − ȳ)² = २२२९५०

r = १५३२२.५ / √(१०९९.८७५ × २२२९५०) = १५३२२.५ / १५६५९.४ = ०.९८

हा गुणांक जवळजवळ पूर्ण धन सहसंबंध दाखवतो. केवळ ही संख्या पाहणारा विद्यार्थी लिहील, ‘माणसारख्या दुष्काळी भागातही जमीन जितकी जास्त, तितके उत्पन्न जास्त.’ हे विधान कशाच्या आधारावर उभे आहे, ते आता तपासू. ‘झ’ कुटुंबाची विचलने ३०.६२५ आणि ४३७.५ आहेत. त्यांचा गुणाकार सुमारे १३३९८ येतो. विचलनांच्या गुणाकारांची एकूण बेरीज १५३२२.५ होती. याचा अर्थ असा की, अंशस्थानी असलेल्या संख्येचा सुमारे ८७ टक्के भाग एकट्या कुटुंबाने दिला आहे आणि उरलेल्या सात कुटुंबांनी मिळून केवळ १३ टक्के.

‘झ’ला बाजूला ठेवून उरलेल्या सात कुटुंबांचा गुणांक काढा. जमिनीची सरासरी ५ एकर, उत्पन्नाची सरासरी १०० हजार. गुणाकारांची बेरीज १०, वर्गांच्या बेरजा २८ आणि ४२००. म्हणून r = १० / √(२८ × ४२००) = ०.०३. सात कुटुंबांपुरते पाहिले, तर जमीन आणि उत्पन्न यांत रेषीय संबंध जवळजवळ नाहीच. एका कुटुंबाच्या असण्या-नसण्याने ०.९८चे ०.०३ झाले.

यात सूत्राचा दोष नाही. साधा गुणांक एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : सर्व बिंदू एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत? दोनच बिंदू असतील, तर त्यांच्यातून नेहमीच सरळ रेषा जाते. येथे दूरवरून पाहणाऱ्याला सात कुटुंबांचा पुंजका एखाद्या बिंदूसारखा भासतो आणि ‘झ’ हा दुसरा बिंदू ठरतो. गुणांकाने या दोन ‘बिंदूं’ना जोडणारी रेषा पाहिली आणि तिची नोंद केली.

३. क्रमांक सहसंबंध

चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये एक वेगळा मार्ग सुचवला. बुद्धिमत्तेसारख्या गोष्टी अचूक मोजता येत नाहीत. पण कोण पुढे आणि कोण मागे, हे सांगता येते. म्हणून मूळ संख्यांऐवजी त्यांचे क्रमांक घ्यावेत आणि सहसंबंध त्या क्रमांकांमधील काढावा, असा हा मार्ग आहे. काही पाठ्यपुस्तकांत याला ‘गुणानुक्रम सहसंबंध’ असेही म्हटलेले आढळेल. त्याचे सूत्र असे :

R = १ − ६ΣD² / (n³ − n)

येथे D म्हणजे एकाच कुटुंबाच्या दोन क्रमांकांतील फरक आणि n म्हणजे कुटुंबांची संख्या. क्रमांक देताना एक दक्षता घ्यावी लागते. दोन्ही चलांना एकाच दिशेने क्रमांक द्यावेत : दोन्हींकडे सर्वांत लहान मूल्याला १, किंवा दोन्हींकडे सर्वांत मोठ्या मूल्याला १. एकीकडे चढता आणि दुसरीकडे उतरता क्रम घेतल्यास गुणांकाचे चिन्ह उलटे येते आणि धन संबंध ऋण दिसू लागतो.

सर्वांत लहान मूल्याला १ देऊन जमीन आणि उत्पन्न यांचे क्रमांक लावू.

| कुटुंब | जमिनीचा क्रमांक | उत्पन्नाचा क्रमांक | D | D² |
|---|---|---|---|---|
| क | १ | ३ | −२ | ४ |
| ख | २ | ७ | −५ | २५ |
| ग | ३ | १ | २ | ४ |
| घ | ४ | ५ | −१ | १ |
| च | ५ | २ | ३ | ९ |
| छ | ६ | ६ | ० | ० |
| ज | ७ | ४ | ३ | ९ |
| झ | ८ | ८ | ० | ० |

D ची बेरीज शून्य आली पाहिजे. येथे ती शून्य आहे, म्हणून क्रमांक लावण्यात चूक नसावी. D² ची बेरीज ५२ आहे.

R = १ − (६ × ५२) / (५१२ − ८) = १ − ३१२ / ५०४ = ०.३८

साधा गुणांक ०.९८ होता, क्रमांक सहसंबंध ०.३८ आहे. हा फरक कोठून आला? क्रमांक लावताना ‘झ’ची चाळीस एकर जमीन ‘आठवा क्रमांक’ एवढीच उरली. ती चाळीस एकर असो, नऊ असो की चारशे, तिचा क्रमांक आठच राहतो. टोकाच्या मूल्याचे वजन असे मर्यादित होते.

मात्र ते पूर्णपणे नाहीसे होत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘झ’ला वगळून सात कुटुंबांचा क्रमांक सहसंबंध काढल्यास R = १ − ३१२ / ३३६ = ०.०७ येतो. म्हणजे ‘झ’मुळे ०.०७चे ०.३८ झाले. दोन्ही चलांत शेवटचा क्रमांक मिळवणारे कुटुंब गुणांक थोडा वर नेणारच. साध्या गुणांकातील झेप (०.०३ वरून ०.९८) आणि ही झेप यांतील अंतर हाच क्रमांक पद्धतीचा लाभ होय. आठ कुटुंबांसाठी पाच टक्के सार्थकता पातळीवर R किमान ०.७४ असावा लागतो (दुहेरी चाचणी, कोष्टकातील मूल्य ०.७३८). ०.३८ हा त्याच्या बराच खाली आहे. तेव्हा ‘जमीन वाढली की उत्पन्न वाढते’ असा निष्कर्ष या सामग्रीवरून काढता येणार नाही.

४. सामग्री मुळातच क्रमदर्शक असेल तर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : पाणी आणि उत्पन्न यांचा संबंध काय? येथे अडचण वेगळी आहे. ‘पावसाळ्यापुरते, दिवाळीपर्यंत, होळीपर्यंत, बारमाही’ या चार उत्तरांत क्रम निश्चित आहे. पण अंतर निश्चित नाही. अशा सामग्रीला ‘क्रमदर्शक सामग्री’ म्हणतात. स्पर्धेचे निकाल हे तिचे परिचित उदाहरण आहे. २०१८च्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडीने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. या एका वाक्यावरून टाकेवाडी इतरांच्या पुढे होती हे कळते. दुसऱ्या गावापेक्षा किती पुढे होती, हे कळत नाही.

पुष्कळ विद्यार्थी अशा उत्तरांना १, २, ३, ४ असे संकेतांक देतात आणि सरळ साधा गुणांक काढतात. आपल्या तक्त्यावर तसे केल्यास पाणी आणि उत्पन्न यांचा r = ०.७० येतो. परंतु बारमाही पाणी हे होळीपर्यंतच्या पाण्यापेक्षा फारच मोलाचे, असे म्हणून एखाद्याने १, २, ३, १० असे संकेतांक दिले, तर r = ०.९८ येतो. विहिरी त्याच, पाणी तेच, उत्पन्न तेच. बदलला तो केवळ आपण दिलेला आकडा. जो गुणांक आपल्या मर्जीप्रमाणे ०.७० किंवा ०.९८ होऊ शकतो, तो गावाविषयी काही सांगत नाही. तो आपल्या संकेतांकांविषयी सांगतो. क्रमांक सहसंबंधावर मात्र या बदलाचा काहीही परिणाम होत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या संकेतांकांत क्रम एकच आहे.

पाण्याचे क्रमांक लावताना समान क्रमांकांचा प्रश्न येतो. ‘ग’ आणि ‘च’ या दोघांचेही पाणी पावसाळ्यापुरते आहे. त्यांच्या वाट्याला १ आणि २ ही स्थाने येतात. कोणाला पहिले द्यावे हे ठरवता येत नाही, म्हणून दोघांनाही सरासरी १.५ द्यावी. ‘क’ आणि ‘घ’ यांची स्थाने ३ आणि ४, म्हणून प्रत्येकी ३.५. ‘ख’, ‘छ’, ‘ज’ यांची स्थाने ५, ६, ७, म्हणून प्रत्येकी ६. ‘झ’चा क्रमांक ८.

| कुटुंब | पाण्याचा क्रमांक | उत्पन्नाचा क्रमांक | D | D² |
|---|---|---|---|---|
| क | ३.५ | ३ | ०.५ | ०.२५ |
| ख | ६ | ७ | −१ | १ |
| ग | १.५ | १ | ०.५ | ०.२५ |
| घ | ३.५ | ५ | −१.५ | २.२५ |
| च | १.५ | २ | −०.५ | ०.२५ |
| छ | ६ | ६ | ० | ० |
| ज | ६ | ४ | २ | ४ |
| झ | ८ | ८ | ० | ० |

येथेही D ची बेरीज शून्य आहे. D² ची बेरीज ८ आहे.

समान क्रमांक असताना वरचे लघुसूत्र तंतोतंत लागू पडत नाही. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ΣD² मध्ये प्रत्येक गटामागे (m³ − m)/१२ मिळवण्यास सांगतात. M म्हणजे त्या गटातील कुटुंबांची संख्या. येथे दोन-दोनच्या गटांसाठी ०.५ आणि ०.५, तर तिघांच्या गटासाठी २, अशी एकूण ३ ची भर पडते. त्यावरून R = १ − ६(८ + ३)/५०४ = ०.८७.

संगणकावर हेच उदाहरण सोडवल्यास मात्र उत्तर ०.९० येईल आणि आपण गोंधळात पडाल. दोन्ही उत्तरांचे कारण समजून घ्या. क्रमांक सहसंबंधाची मूळ व्याख्या अशी की, क्रमांक हीच मूल्ये मानून त्यांच्यावर पिअर्सन यांचे सूत्र लावावे. समान क्रमांक नसतील तेव्हा लघुसूत्र नेमके तेच उत्तर देते. समान क्रमांक असतील तेव्हा पाठ्यपुस्तकातील दुरुस्ती ही व्याख्येच्या उत्तराची एक जवळची किंमत देते. ती नेहमी तंतोतंत जुळत नाही. स्प्रेडशीटमध्ये व्याख्येनुसार उत्तर काढण्यासाठी उत्पन्न C2 ते C9 या चौकटींत असल्यास क्रमांकासाठी पुढील सूत्र वापरावे. पाण्याच्या संकेतांकांनाही त्याच पद्धतीने क्रमांक द्यावेत :

```
=RANK.AVG(C2,C$2:C$9,1)
```

त्यानंतर क्रमांकांच्या दोन स्तंभांवर CORREL हे सूत्र लावावे. परीक्षेत नेमलेल्या पुस्तकातील सूत्र वापरावे आणि प्रकल्पात कोणती रीत वापरली ते एका वाक्यात नमूद करावे. समान क्रमांकांचे गट मोठे असतील, म्हणजे सर्व उत्तरे दोन-तीन वर्गांतच पडत असतील, तर या दोन उत्तरांतील अंतर वाढते. तेव्हा मॉरिस केंडाल यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या क्रमगुणांकाचे समान क्रमांकांसाठी सुधारलेले रूप अधिक सोयीचे ठरते.

आता निष्कर्षाकडे येऊ. पाणी आणि उत्पन्न यांचा क्रमांक सहसंबंध ०.९० आहे. ‘झ’ला वगळून सात कुटुंबांसाठी तो पुन्हा काढल्यास ०.८५ येतो. जमिनीच्या बाबतीत एक कुटुंब काढताच संबंध नाहीसा झाला होता. पाण्याच्या बाबतीत तो टिकून राहिला. साध्या गुणांकावर थांबलेला विद्यार्थी जमीन हे उत्तर देऊन मोकळा झाला असता. क्रमांक सहसंबंध काढणाऱ्या विद्यार्थ्याला पाणी हे उत्तर मिळाले आणि ते कोणा एका कुटुंबाच्या आधारावर उभे नाही, हेही त्याला दाखवता आले. अर्थात, पाणी टिकणाऱ्या विहिरी ओढ्याकाठच्या सकस जमिनीत असण्याचीही शक्यता आहे. तेव्हा उत्पन्नाचे कारण पाणीच, असे केवळ सहसंबंधावरून ठरत नाही. कार्यकारणाविषयीची ही मर्यादा दोन्ही गुणांकांना सारखीच लागू आहे.

५. क्रमांक सहसंबंधाच्या मर्यादा

वरील उदाहरणावरून क्रमांक सहसंबंधच नेहमी श्रेष्ठ, असा समज करून घेऊ नये. क्रमांक लावताना आपण माहिती टाकून देत असतो. ‘झ’चे उत्पन्न ‘ख’च्या चौपटीहून अधिक आहे आणि ‘छ’चे उत्पन्न ‘घ’पेक्षा केवळ दहा हजारांनी अधिक आहे, क्रमांकांत ही दोन्ही अंतरे एकेका पायरीची होतात. उत्पन्न प्रत्यक्ष किती वाढते हा आपला प्रश्न असेल, तर क्रमांक त्याचे उत्तर देऊ शकत नाहीत. सामग्री संख्यात्मक असेल, बिंदू सरळ रेषेभोवती विखुरलेले असतील आणि टोकाची मूल्ये नसतील, तर साधा गुणांकच वापरावा.

दुसरी मर्यादा संबंधाच्या आकाराची आहे. क्रमांक सहसंबंधाला संबंध सरळ रेषेत असण्याची गरज नसते. तो एकाच दिशेने वाढणारा किंवा एकाच दिशेने घटणारा असला की पुरे. सातारा जिल्ह्यातील पाऊस याचे चांगले उदाहरण आहे. महाबळेश्वरहून पाचगणी जेमतेम वीस किलोमीटरवर आहे, पण तेवढ्या अंतरात पाऊस निम्म्याहून कमी होतो. पुढे पूर्वेकडे माणपर्यंत तो घटतच जातो, पण सावकाश. अंतर आणि पाऊस यांचा आलेख काढल्यास तो आधी कड्यासारखा उतरतो आणि मग जवळजवळ सपाट होतो. अशा वक्र संबंधात साधा गुणांक संबंधाचे बळ कमी दाखवतो, तर क्रमांक सहसंबंध −१च्या जवळ जातो. परंतु संबंध आधी वाढणारा आणि नंतर घटणारा असेल, जसे अवर्षणाने बाजरी वाळते आणि अतिवृष्टीनेही तिचे नुकसान होते, तर दोन्ही गुणांक शून्याजवळ येऊ शकतात आणि संबंध असूनही नाही असे वाटते. म्हणून गुणांक काढण्यापूर्वी विकिरण आकृती काढलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट टोकाच्या मूल्याच्या अर्थाविषयीची आहे. महाबळेश्वरचा पाऊस हे सातारा जिल्ह्याच्या सामग्रीतील टोकाचे मूल्य आहे. पण कृष्णेचा उगम तेथेच आहे. जिल्ह्याच्या पाण्याचा हिशोब मांडताना त्याला ‘पहिला क्रमांक’ एवढ्यावर आटोपले, तर मुख्य गोष्टच हातून सुटेल. आपल्या उदाहरणातील ‘झ’ कुटुंबाकडेही असेच पाहावे. त्याला गुपचूप वगळू नये. दोन्ही गुणांक त्याच्यासह आणि त्याच्याविना काढून चारही उत्तरे लिहावीत आणि ‘बारमाही पाणी असलेले एकच कुटुंब पाहणीत आले’ हे स्पष्ट नोंदवावे. वाचकाला निष्कर्ष तपासण्याची संधी त्यामुळे मिळते.

सारांश

साधा सहसंबंध गुणांक बिंदू सरळ रेषेच्या किती जवळ आहेत हे सांगतो आणि त्यासाठी संख्यांमधील अंतरे खरी मानतो. एखादे टोकाचे मूल्य सरासरी आणि विचलने यांना आपल्याकडे ओढून या गुणांकाला हवे तसे वळवू शकते. आपल्या उदाहरणात ते ०.०३ वरून ०.९८ पर्यंत गेले. क्रमांक सहसंबंध दोन क्रम परस्परांशी किती जुळतात हे सांगतो. त्यामुळे टोकाच्या मूल्याचे वजन मर्यादित होते आणि क्रमदर्शक सामग्रीला मनमानी संकेतांक देण्याचा धोका टळतो. मात्र क्रमांकांत अंतरांची माहिती उरत नाही. दोन्ही गुणांक काढून त्यांत मोठा फरक आढळला, तर एकाची निवड करून पुढे जाण्याऐवजी विकिरण आकृतीकडे परतावे आणि फरकाचे कारण टोकाचे मूल्य आहे की वक्र संबंध, हे शोधावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वरील उदाहरणात ‘झ’ची जमीन ४० ऐवजी ९ एकर धरल्यास क्रमांक सहसंबंध किती येईल? आकडेमोड न करता सांगा.

२. ‘झ’ची जमीन प्रत्यक्षात चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर असल्याचे निष्पन्न झाले, उत्पन्न तेच राहिले. जमीन आणि उत्पन्न यांचा क्रमांक सहसंबंध पुन्हा काढा.

३. आपल्या गावातील किमान दहा कुटुंबांकडून विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी कधीपर्यंत टिकते आणि वर्षातून किती महिने चारा विकत घ्यावा लागतो, ही माहिती घ्या. कोणता गुणांक वापराल ते कारणासह लिहा.

उत्तरे

१. ०.३८च. नऊ एकर हीसुद्धा आठवीच जागा आहे; क्रमांक बदलत नाहीत.

२. ‘झ’चा जमिनीचा क्रमांक १ होतो आणि इतर प्रत्येकाचा क्रमांक एकाने वाढतो. D क्रमाने −१, −४, ३, ०, ४, १, ४, −७ आणि त्यांची बेरीज शून्य. ΣD² = १०८; R = १ − ६४८ / ५०४ = −०.२९. म्हणजे एककाच्या एका चुकीने चिन्हही बदलू शकते. क्रमांक पद्धती चुकीच्या नोंदीपासून आपले रक्षण करत नाही.

३. पाण्याविषयीची उत्तरे क्रमदर्शक असल्याने क्रमांक सहसंबंध वापरावा. पाणी आणि चारा दोन्हींना चढत्या क्रमाने क्रमांक द्यावेत. पाणी जितके अधिक टिकते तितका चारा कमी विकत घ्यावा लागत असेल, तर गुणांक ऋण येईल.